ज्येष्ठ सवलत : वय कुठल्या तारखेचं धरतात आणि खिडकीवर नेमकं काय तपासतात?

रानवाट

पुढच्या महिन्यात सासूबाई आणि सासरे यांना घेऊन चार दिवस बाहेर जायचं ठरलंय. तीन ठिकाणी ज्येष्ठांची सवलत मिळू शकते. जाताना रात्रीची लांब पल्ल्याची बस, तिथे पोचल्यावर एक मोठं संग्रहालय, आणि दुसऱ्या दिवशी चित्रपट. तिन्हीकडे अट एकच लिहिली आहे, वय ६५ वर्षे पूर्ण.

सासूबाईंचा जन्म १८ ऑक्टोबर १९६० चा. बस १७ ऑक्टोबरला रात्री साडेदहाला सुटते आणि १८ ला सकाळी पोचते. म्हणजे ६५ पूर्ण होणार ते वाटेत, झोपेत! मग तिकीट अर्धं की पूर्ण? संग्रहालयाचं तिकीट आत्ता ऑनलाइन काढलं तर आज त्या ६४ च्याच आहेत, चालेल का? सासऱ्यांची वेगळीच गंमत आहे. त्यांचा वाढदिवस फेब्रुवारीतला, पण ओळखपत्रावर फक्त '१९६०' एवढंच छापलंय, दिवस-महिना नाहीच.

चित्रपटाच्या ॲपवर 'ज्येष्ठ' निवडलं की सरळ कमी पैसे दाखवतं, पुरावा काहीच मागत नाही. दारावर मागतात का? फोनमधला फोटो चालतो की मूळ कार्ड लागतं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा. सासूबाईंना दारात अडवलेलं अजिबात आवडणार नाही, आणि मग ते चारही दिवस मला ऐकावं लागेल.

आप्पा_बिनघोर

सूनबाई, एवढं टेन्शन कशाला? मला आजवर कोणी पुरावा मागितलेला नाही. खिडकीपलीकडचा पोरगा माझ्या डोक्याकडे बघतो आणि मी तोंड उघडायच्या आत सवलतीचं तिकीट फाडतो. आधी बरं वाटायचं. मग लक्षात आलं की मी साठीचाही नव्हतो तेव्हापासून हे चाललंय.

गोंधळीबुवा

साडेदहा ते बारा पूर्ण तिकीट, बारानंतर अर्धं. कंडक्टरला रात्री बाराला उठवून फरक परत मागायचा. सोबत केकही कापून घ्या.

कोलंबस

६५ कशाला, बँकेत तर ६० पूर्ण झाले की लगेच जास्त व्याज मिळतं. मुदत ठेव मोडून पुन्हा ठेवावी लागते का, की आपोआप दर बदलतो? माझी एक ठेव मार्चमध्ये संपते आहे.

रानवाट

@कोलंबस, धागा तिकिटांचा आहे हो :) ठेवीसाठी वेगळा काढा, मीही वाचीन.

खिडकी_क्र_४

मी बरीच वर्षं तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे, आता निवृत्त. संस्थेचं नाव सांगत नाही, पण प्रवासी वाहतूकच होती.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे बाकीचं सोपं होईल. आतला माणूस तुमचं वय मोजत नसतो. समोर रांग आहे, मागून लोक ओरडतायत, तेव्हा १९६० वजा करत बसायला वेळ कुणाला आहे? आमच्याकडे काचेला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली असायची आणि सकाळची पाळी ती बदलायची. त्यावर एकच तारीख असे, आजची तारीख, पण ६५ वर्षं मागची. म्हणजे १८ ऑक्टोबर २०२५ ला चिठ्ठीवर १८-१०-१९६०. ओळखपत्रावरची जन्मतारीख चिठ्ठीवरची किंवा तिच्या आधीची असेल तर सवलत, नंतरची असेल तर नाही. आधी फोटो आणि चेहरा, मग तारीख, संपलं. काही ठिकाणी ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे मशीनमध्ये टाकावे लागतात, कारण सवलतीची तिकिटं किती गेली आणि कशाच्या आधारावर गेली हे दिवसाच्या हिशेबात दाखवावं लागतं. आकडा नसेल तर फरक खिडकीवाल्याच्या नावावर लागतो. आमच्या एका सहकाऱ्याच्या पगारातून तसे पैसे कापले गेले होते, त्यानंतर तो स्वतःच्या मामांनाही कार्ड मागायचा.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा की ती चिठ्ठी कुठल्या दिवसाची. तिकीट काढलं त्या दिवसाची की वापरलं त्या दिवसाची? बहुतेक ठिकाणी वापराच्या दिवसाची धरतात. संग्रहालयाचं तिकीट १८ तारखेच्या भेटीचं असेल तर सासूबाई त्या दिवशी ६५ पूर्ण आहेत, मग तुम्ही ते आज काढा नाहीतर दोन महिने आधी काढा. फक्त ऑनलाइन फॉर्म जन्मतारीख विचारतो का ते बघा. काही फॉर्म आजच्या तारखेशी ताडून बघतात आणि नकार देतात. ती त्या फॉर्मची चूक, नियमाची नाही. तिथे अडलं तर खिडकीवर काढा.

बसचं मात्र तुम्ही म्हणता तसं आहे. प्रवासात सहसा प्रवास सुरू होण्याची तारीख धरतात, संपण्याची नाही. १७ ला रात्री साडेदहाला बसलात तर त्या दिवशी सासूबाई ६४ च्या. पूर्ण तिकीट.

रानवाट

खिडकी काका, मनापासून धन्यवाद. चिठ्ठीची युक्ती इतकी साधी असेल असं वाटलं नव्हतं. एक शेपूट आहे. आम्ही बस सुटते तिथून बसत नाही, पुढच्या थांब्यावरून बसतो. तिथे ती सव्वाबाराला येते. म्हणजे आम्ही बसतो ते १८ तारखेला!

गोंधळीबुवा

म्हणजे माझा केकचा बेत कायम.

खिडकी_क्र_४

हां, आता बोललात! इथे दोन तारखा वेगळ्या होतात. एक बसफेरीची तारीख, म्हणजे गाडी मूळ ठिकाणाहून सुटते ती. दुसरी तुम्ही चढता ती. आमच्याकडे चढण्याची तारीख धरायचे, कारण कंडक्टरच्या हातातलं मशीन तिकीट काढताना त्या क्षणाची तारीख छापतं. पण आरक्षण प्रणाली फेरीच्या तारखेवर चालते. तिच्या लेखी ती '१७ ची गाडी' आहे, तुम्ही रात्री दोनला चढलात तरी. दोन्ही बाजूंनी भांडणारे लोक मी पाहिलेत आणि दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं होतं. तुमच्या बसवाल्यांच्या अटींमध्ये 'प्रवासाची तारीख' अशी व्याख्या दिली आहे का ते शोधा.

सरळरेषा

इथे कोणी मुद्द्याचं बोललंच नाही. आधार कार्ड वयाचा पुरावा म्हणून चालतच नाही! सुप्रीम कोर्टानेच २०२४ मध्ये सांगितलंय. त्यामुळे सासऱ्यांचं कार्ड वर्षाचं असो की पूर्ण तारखेचं, ते दाखवून काही उपयोग नाही. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा.

आप्पा_बिनघोर

शाळा सोडल्याचा दाखला घेऊन सिनेमाला? तिथला मुलगा म्हणेल, काका, शाळा सोडली ते बरंच केलंत, सिनेमाला वेळेवर आलात.

वकिली_चष्मा

@सरळरेषा, निकाल खरा आहे पण तुम्ही तो फार लांब ताणताय. तो ऑक्टोबर २०२४ चा, अपघाताच्या नुकसानभरपाईतला. मृत व्यक्तीचं वय ठरवायचं होतं, कारण वयावर भरपाईचा गुणक ठरतो. आधारवरची तारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळत नव्हती. कोर्टाने म्हटलं की आधार हे ओळख पटवण्यासाठी आहे, जन्मतारीख सिद्ध करण्यासाठी नाही, आणि दाखला ग्राह्य धरला. म्हणून तिकीट खिडकीने आधार नाकारलंच पाहिजे असा अर्थ निघत नाही. सवलत देणारी संस्था कुठली कागदपत्रं मानायची याची स्वतःची यादी करते. यादीत आधार असेल तर चालतं, नसेल तर नाही. वाद कोर्टात गेला तर गोष्ट वेगळी, पण अर्ध्या तिकिटासाठी तिथवर कोण जातंय?

सरळरेषा

बरं. पण नुसतं वर्ष असलेलं कार्ड तर नक्कीच चालणार नाही ना?

खिडकी_क्र_४

त्यातही एक निश्चित उत्तर नाही. नुसतं १९६० असेल तर माणूस १ जानेवारीचाही असू शकतो आणि ३१ डिसेंबरचाही. २०२६ उजाडलं की प्रश्नच मिटतो, कारण कुठलीही तारीख धरली तरी ६५ पूर्णच. अडचण फक्त त्या एका वर्षात. काही जण सवलत देताना १ जानेवारी धरतात, काही हात राखून ३१ डिसेंबर. सरकारी नोकरीत वेगळा नियम आहे. नुसतं वर्ष माहीत असेल तर १ जुलै धरायची, आणि महिना माहीत पण दिवस नाही तर त्या महिन्याची १६. पण तो नोकरीच्या नोंदींसाठी, तिकिटासाठी त्याचा आधार घेऊन भांडू नका. रानवाट, सासऱ्यांकडे लायसन्स किंवा पासपोर्ट असेल तर तो सोबत ठेवा. दोन कार्डांवर दोन तारखा असतील तर मात्र दोन्ही एकदम काढून दाखवू नका :)

आप्पा_बिनघोर

आमच्या पिढीत अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला आहे. गुरुजींची कृपा. माझीही तीच तारीख. खरी कुठली, ते आई सांगायची, 'पावसाच्या आधी, आंबे होते तेव्हा.' हे कार्डावर छापून मिळत नाही.

सातासमुद्रा

बाहेर फिरताना मला वयापेक्षा जास्त त्रास झाला तो रहिवासाचा. लोक समजतात ६० किंवा ६५ झाली की जगात कुठेही सवलत. तसं नाही. लंडनमध्ये साठीनंतर फुकट प्रवासाचं फोटो असलेलं कार्ड मिळतं, पण ते लंडनच्या रहिवाशांना. त्यातही कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी ते चालत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठ पास ६२ पासून मिळतो, पण नागरिक किंवा कायमचे रहिवासी असाल तर. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांना तो मिळत नाही. तिथे खिडकीवर दोन गोष्टी तपासतात, वय आणि तुम्ही कुठले. आईच्या पासपोर्टवर तिचं वय स्वच्छ दिसत होतं, पण तिकीटवाल्या बाईंनी पासपोर्टचा रंग बघितला आणि गोड हसून नाही म्हणाल्या.

याउलट काही संग्रहालयांत रहिवासाची अटच नसते, नुसतं वय विचारतात आणि कुठल्याही देशाचा पासपोर्ट चालतो. त्यामुळे बाहेर जाताना आधी हे बघा की सवलत 'ज्येष्ठांना' आहे की 'आमच्या ज्येष्ठांना'.

वकिली_चष्मा

'आमच्या ज्येष्ठांना' यावरून युरोपात मोठा खटला झालाय. इटलीत काही शहरांच्या संग्रहालयांत ६० किंवा ६५ वरच्यांना मोफत प्रवेश होता, पण फक्त इटालियन नागरिकांना किंवा त्या त्या गावच्या रहिवाशांना. व्हेनिसचा डोजचा राजवाडाही त्यात होता. युरोपीय आयोग कोर्टात गेला, आणि २००३ च्या जानेवारीत युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की इतर सदस्य देशांच्या नागरिकांना असं वगळता येणार नाही. इटलीचा बचाव असा होता की संग्रहालयं चालवायला पैसे लागतात आणि स्थानिक लोक कर भरतात. कोर्टाला ते पटलं नाही.

पुढची गंमत अशी की इटलीने जुलै २०१४ पासून सरकारी संग्रहालयांतला ६५ वरच्यांचा मोफत प्रवेशच काढून टाकला. सगळ्यांना समान वागणूक!

तिरकस

मला तर इटलीने केलं ते बरोबर वाटतं. वय हा गरजेचा पुरावा कुठे आहे? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ स्वतःच्या गाडीतून ड्रायव्हरसह येतात आणि सिनेमाला ज्येष्ठांचं तिकीट काढतात. त्याच रांगेत पंचविशीतला मुलगा पूर्ण पैसे देतो. सवलत द्यायचीच तर उत्पन्न बघून द्या. लूव्रमध्ये ज्येष्ठांना काही नाही, सव्वीसच्या आतल्या युरोपातल्या रहिवासी तरुणांना प्रवेश मोफत आहे. मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

आप्पा_बिनघोर

उत्पन्न बघायचं तर खिडकीवर तीन वर्षांची विवरणपत्रं दाखवावी लागतील. चित्रपट संपेपर्यंत माझी छाननी चालेल. वय निदान कार्डावर छापलेलं असतं, तिरकसराव.

मुक्ता_९

तिरकस यांचा मुद्दा तत्त्व म्हणून ठीक आहे, पण सिनेमावाले समाजसेवा करत नसतात. मी चित्रपटगृहात काम केलंय म्हणून सांगते. ज्येष्ठांची सवलत ही रिकाम्या खुर्च्यांची सवलत असते. दुपारचे खेळ, आठवड्याच्या मधले दिवस, हॉल अर्धा रिकामा. ज्यांना दुपारी वेळ आहे त्यांना बोलवा, तिकिटावर सोडलेलं थोडं मध्यंतरात निघतं. म्हणून शनिवार-रविवारी आणि नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यात ती बहुतेक बंद असते. रानवाट, तुमचा चित्रपट कुठल्या वारी आहे ते आधी बघा, वयाचं नंतर.

आता पुराव्याचं. ॲप काही विचारत नाही, कारण तपासणी दारावर ढकललेली असते. तिकिटाचा चौकोनी कोड स्कॅन केला की आमच्या यंत्रावर तिकिटाचा प्रकार दिसतो, 'ज्येष्ठ २, सामान्य १' असा. मग समोरच्या तीन माणसांत दोन ज्येष्ठ दिसतायत का एवढंच बघायचं. चेहऱ्यावरून शंका आली तरच कार्ड मागायचं असं आम्हाला सांगितलं होतं. खरी लबाडी सासूबाईंच्या वयाची बायका-माणसं करतच नाहीत. कॉलेजची पाच मुलं पाच ज्येष्ठ तिकिटं काढून येतात ती करतात. त्यांना बाजूला घेऊन फरक भरायला लावायचो. फोनमधला फोटो चालायचा की नाही हे त्या दिवशी दारावर कोण आहे त्यावर. मी चालवून घ्यायचे. माझा वरिष्ठ नाही.

खिडकी_क्र_४

मुक्ताताईंनी बरोबर सांगितलं. विकणारा एक आणि तपासणारा दुसरा, इथेच सगळी गोची होते. भारतीय रेल्वेची ज्येष्ठ सवलत आठवा. पुरुषांना ६० पासून ४० टक्के, महिलांना ५८ पासून ५० टक्के. २० मार्च २०२० पासून ती बंद आहे. ती होती तेव्हा आरक्षण करताना पुरावा मागत नसत, फॉर्मवर वय लिहायचं. ओळखपत्र टीसी गाडीत बघायचा. लोकांना वाटायचं, तिकीट मिळालं म्हणजे सवलत मंजूर झाली. मंजूर काही झालेलं नसायचं, तुम्ही फक्त दावा केलेला असायचा. कार्ड घरी राहिलं तर खरे सत्तरीचे आजोबाही फरक आणि दंड भरायचे, आणि मग 'तिकीट देताना का नाही सांगितलं' म्हणून टीसीशी वाद. तिकीट देणारा तिथे नसतोच.

म्हणून ऑनलाइन काढलेलं कुठलंही सवलतीचं तिकीट असलं की मूळ कार्ड खिशात पाहिजे. सामानात खाली, दुसऱ्या बॅगेत, असं नको.

निप्पोनात_मी

अवांतर, पण रानवाटच्या सासूबाई जपानमध्ये असत्या तर बसचा प्रश्नच आला नसता. इथे १९०२ चा एक कायदा आहे वय मोजण्याचा. त्यानुसार माणूस वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्या वयाचा होतो. म्हणून १ एप्रिलला जन्मलेली मुलं शाळेत आधीच्या वर्षाच्या तुकडीत जातात. कायद्याच्या हिशेबाने तुमच्या सासूबाई १७ ऑक्टोबरलाच ६५ पूर्ण. आता सिनेमाच्या खिडकीवर कोणी एवढा कायदा काढतं असं नाही, तिथे कार्डावरची तारीखच बघतात. आणि ती तारीखही 'शोवा ३५' अशी असते, म्हणजे १९६०. बाहेरच्या माणसाला ते कळायला वेळ लागतो.

सरळरेषा

तारखांवरून आठवलं. ०५/०८/१९६० हे काही देशांत ५ ऑगस्ट आणि अमेरिकेत ८ मे. सीमारेषेवरच्या माणसाला तीन महिन्यांचा फरक पडतो!

सातासमुद्रा

@सरळरेषा, हे अगदी खरं. म्हणून मी पासपोर्टच दाखवते, त्यावर महिना अक्षरांत असेल तर वाद उरत नाही. आणि पासपोर्टमध्ये तर जन्मतारीख पूर्ण माहीत नसेल तर त्या जागी एक्स छापायची सोय आंतरराष्ट्रीय नियमातच आहे. म्हणजे रानवाटच्या सासऱ्यांसारखी माणसं जगभर आहेत.

मुक्ता_९

पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी यंत्र वाचतं ना, त्यात वर्षाचे दोनच आकडे असतात. '२४' म्हणजे १९२४ की २०२४ हे यंत्राने अंदाजाने ठरवायचं. शंभरी ओलांडलेल्या आजींना यंत्र तान्हं बाळ समजू शकतं.

गोंधळीबुवा

मग तर आणखी बरं. ज्येष्ठांना अर्धं तिकीट, तान्ह्या बाळाला फुकट.

सातासमुद्रा

तपासणीची आणखी एक तऱ्हा सांगते, ती मला आवडली. सोलमध्ये ६५ वरच्या तिथल्या लोकांना मेट्रो मोफत आहे. कार्ड नसेल तर तिकिटाच्या यंत्रावर ओळखपत्र ठेवायचं, यंत्र ते वाचतं आणि तिकीट देतं. माणूस मध्ये येतच नाही. पण फाटकातून जाताना सवलतीच्या तिकिटाला वेगळ्या रंगाचा दिवा लागतो, म्हणजे दुसऱ्याचं कार्ड घेऊन कोणी तरुण चालला तर कर्मचाऱ्याला दुरून कळावं. हाँगकाँगमध्येही २०२४ पासून सवलतीच्या भाड्यासाठी नाव आणि फोटो असलेलं कार्डच लागतं. आधीचं बिननावाचं कार्ड कोणीही वापरायचं.

तिरकस

दिवा लावून सगळ्या स्टेशनाला सांगायचं की हा म्हातारा फुकट चाललाय? हे तुम्हाला आवडलं?

सातासमुद्रा

कार्ड काढून दे, चष्मा लावून तारीख वाच, मागचे लोक वैतागणार, यापेक्षा बरंच. पण तुमचं म्हणणं कळलं. आईलाही तो दिवा आवडला नसता.

आप्पा_बिनघोर

मी तर म्हणतो दिवा लावा, भोंगा वाजवा. पंचाहत्तरीला पोचलोय, कौतुक व्हायला हवं.

रानवाट

परत आलोय, म्हणून वृत्तांत.

बस: अटींमध्ये 'प्रवासाची तारीख' कुठेच स्पष्ट नव्हती. ऑनलाइन फॉर्ममध्ये सासूबाईंची जन्मतारीख टाकली की 'ज्येष्ठ' हा पर्याय करडा व्हायचा, म्हणजे तो १७ तारीख धरत होता. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, सिस्टिम घेत नाही तर होत नाही. पूर्ण तिकीट काढलं. सव्वाबाराला बस आली, कंडक्टरला सहज विचारलं, तर तो म्हणाला, 'माझ्याकडे काढलं असतं तर दिलं असतं, मशीनवर आज १८ आहे.' म्हणजे खिडकी काकांनी सांगितलेल्या दोन तारखा एकाच गाडीत! सासऱ्यांनी तर कार्ड बाहेरच काढलं नाही, आप्पांच्या पद्धतीने केसांवर काम झालं.

संग्रहालय: खिडकीच्या काचेला आतून खरंच चिठ्ठी होती, वर १८-१०-१९६०. सासूबाईंचं कार्ड बघून तिथल्या बाईंनी चिठ्ठी बघितली, पुन्हा कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, 'अहो, आजच!' तिकिटासोबत शुभेच्छाही. सासऱ्यांचं वर्षाचं कार्ड मात्र त्यांनी परत केलं, दुसरं आहे का विचारलं. लायसन्स दाखवलं, चाललं. लायसन्सवर जन्मतारीख १ जून आहे. घरी फेब्रुवारीत वाढदिवस करतो आम्ही. कुणी काही बोललं नाही.

चित्रपट: रविवार होता, सवलतच नव्हती. मुक्ताताई, तुमचं आधी ऐकायला हवं होतं.

मुक्ता_९

:) निदान दारावर कार्ड दाखवायचं वाचलं.

खिडकी_क्र_४

बसचं भाडं परत मिळतं का बघा. कंडक्टरच्या मशीनवर १८ तारीख होती हे खरं असेल तर तक्रारीत दम आहे. आरक्षणाचं तिकीट आणि बसण्याच्या थांब्याची वेळ दोन्ही जोडा. मिळेलच असं नाही. आमच्याकडे अशी दोन प्रकरणं आली होती, एकाला फरक दिला, दुसऱ्याला 'आरक्षणाची तारीख अंतिम' म्हणून परत पाठवलं. साहेब वेगळे होते.

कोलंबस

ठेवीचा धागा काढला आहे, कृपया तिथे या. इथल्या चिठ्ठीवरून एक शंका. बँकेत ६० पूर्ण ठेव ठेवायच्या दिवशी बघतात की संपायच्या?